विश्लेषण : मुंबई-न्यूयॉर्क विमान नकाशावर ‘वळसा’ घालून का जाते?

मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले विमान कुठवर पोहोचले, हे आता घरबसल्या मोबाइलवर पाहता येते. मुलगा किंवा मुलगी त्या विमानात असेल तर घरातली मंडळी रात्री दोनदा उठून ते पाहतातही. पण पडद्यावरची रेघ पाहून हमखास एक शंका येते. न्यूयॉर्क पश्चिमेला असताना विमान उत्तर युरोपच्या दिशेने वर का चढते, आइसलँड-ग्रीनलँडच्या अंगाने कमान करून मग खाली का उतरते? सरळ गेले तर लवकर पोहोचणार नाही का? उत्तर असे की, नकाशावर सरळ दिसणारा रस्ताच लांबचा आहे, आणि तोही थोडाथोडका नव्हे, तर सुमारे १,७०० किलोमीटरने.

पट्टी ठेवून रेघ ओढली तर?

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडून पाहावेत. ही रेघ अरबी समुद्र ओलांडून ओमानमध्ये शिरते, सौदी अरेबियावरून जाते, इजिप्तमध्ये लक्सरच्या आसपास नाईल नदी ओलांडते आणि लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिक महासागरावर येते. तिथून थेट न्यूयॉर्क. नकाशावर ही रेघ निर्दोष दिसते. तिची जमिनीवरची लांबी मोजली तर ती साधारण १४,२०० किलोमीटर भरते.

आता याच दोन शहरांमध्ये पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तो आफ्रिकेकडे फिरकतच नाही. मुंबईहून तो सिंध प्रांतावरून अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानात जातो. रशियात मॉस्कोच्या किंचित उत्तरेकडून, पुढे फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम शहराजवळून तो समुद्रावर येतो. मग आइसलँड, ग्रीनलँडचे दक्षिण टोक, कॅनडाचा पूर्वभाग आणि न्यूयॉर्क. या दोऱ्याची लांबी सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर पट्टीच्या रेघेने जाणारे विमान जवळजवळ दोन तास उशिरा पोहोचेल. मोठे, दोन इंजिनांचे प्रवासी विमान तासाला साधारण सात टन इंधन जाळते, म्हणजे त्या ‘सरळ’ रस्त्याचा खर्च तेरा टन जादा इंधन एवढा झाला.

याहून चकित करणारा हिशेब पुढे आहे. मुंबईहून नाकासमोर उत्तर ध्रुवावर जायचे आणि ध्रुवावरून नाकासमोर दक्षिणेला न्यूयॉर्क गाठायचे, असा विचित्र बेत कोणी केला तर तो प्रवास सुमारे १३,३७० किलोमीटरचा होतो. दोऱ्याच्या रस्त्यापेक्षा तो लांब आहे, यात नवल नाही. पण पट्टीच्या रेघेपेक्षा तो ८०० किलोमीटरहून अधिक जवळचा आहे! पश्चिमेला जाण्यासाठी थेट उत्तर ध्रुव गाठणेही परवडते, असे नकाशा पाहून कोणाला वाटेल? (हे सारे आकडे पृथ्वी पूर्ण गोल मानून काढलेले आहेत. ती ध्रुवांजवळ किंचित चपटी असल्याने प्रत्यक्षात अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडतो.)

उत्तरेला अंतर ‘स्वस्त’ कसे होते?

सगळा हिशेब रेखावृत्तांचा आहे. शाळेत शिकलेली ही उभी वर्तुळे विषुववृत्तावर एकमेकांपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत शेवटी एका बिंदूत मिळतात. त्यामुळे पश्चिमेला एक अंश सरकण्यासाठी किती किलोमीटर कापावे लागतात, हे तुम्ही कुठे आहात यावर ठरते. विषुववृत्तावर एका अंशाला १११ किलोमीटर लागतात. मुंबईच्या अक्षवृत्तावर तेच अंतर १०५ किलोमीटर होते, न्यूयॉर्कच्या अक्षवृत्तावर ८४ आणि ६० अंश उत्तरेला, म्हणजे ओस्लो किंवा सेंट पीटर्सबर्गच्या पट्ट्यात, अवघे ५६. आइसलँडच्या आसपास तर एक अंश ४८ किलोमीटरमध्ये पार होतो.

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये असे जवळपास १४७ अंश आहेत. ते सगळे आफ्रिकेवरून, म्हणजे दर अंशाला ९५-१०० किलोमीटर मोजत पार करायचे, की आधी उत्तरेला चढून त्यातले बरेचसे निम्म्या भावात पदरात पाडून घ्यायचे? अर्थात, वर चढायलाही अंतर लागते. उत्तर-दक्षिण प्रवासात एका अंशाला सर्वत्र १११ किलोमीटरच लागतात, तिथे सवलत नाही. म्हणून अगदी ध्रुवापर्यंत जाणे तोट्याचे ठरते. चढण्याचा खर्च आणि पश्चिमेला सरकण्यातली बचत यांचा सर्वोत्तम मेळ जिथे बसतो, तो मार्ग म्हणजे ताणलेला दोरा. मुंबई-न्यूयॉर्कच्या बाबतीत हा मार्ग जास्तीत जास्त ६४.७ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि तेही फेरो बेटे आणि आइसलँड यांच्या मधल्या समुद्रावर.

या मार्गाला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. कल्पना सोपी आहे. कलिंगड बरोबर मधून, त्याच्या केंद्रातून कापले तर सालीवर मिळणारे वर्तुळ सर्वांत मोठे असते. टोकाजवळ काप घेतला तर लहान वर्तुळ मिळते. सालीवरच्या कोणत्याही दोन ठिपक्यांमधून असे कितीतरी काप घेता येतील, पण केंद्रातून जाणारा काप एकच (दोन ठिपके अगदी समोरासमोर नसतील तर). वर्तुळ जितके मोठे तितका त्याचा बाक कमी, म्हणून त्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा हाच दोन ठिपक्यांमधला सर्वांत कमी वाकलेला, आणि म्हणून सर्वांत छोटा रस्ता. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे आणि प्रत्येक रेखावृत्त हे बृहद्वृत्ताचा अर्धा भाग आहे. मुंबईचे किंवा न्यूयॉर्कचे अक्षवृत्त मात्र टोकाकडच्या कापासारखे, लहान वर्तुळ आहे. त्यामुळेच एकाच अक्षवृत्तावरच्या दोन शहरांमध्येही ‘थेट पश्चिमेला’ हा सर्वांत जवळचा रस्ता नसतो. माद्रिद आणि न्यूयॉर्क ही शहरे जवळपास एकाच अक्षवृत्तावर आहेत, तरी अक्षवृत्त धरून गेले तर सुमारे १७० किलोमीटर जास्त पडतात.

मग नकाशात हे का दिसत नाही?

भिंतीवरच्या आणि मोबाइलवरच्या बहुतेक नकाशांची घडण जेरार्डस मर्केटर यांच्या १५६९ च्या नकाशावरून आली आहे. पृथ्वीवर एकमेकांकडे झुकत जाणारी रेखावृत्ते या नकाशात समांतर, उभी आणि सारख्या अंतरावर काढलेली असतात. म्हणजे ध्रुवाकडचा प्रदेश आडवा ताणलेला असतो. आकार बेढब दिसू नयेत म्हणून मर्केटर यांनी तो तितक्याच प्रमाणात उभाही ताणला. ६० अंशांवर ही ताण दुप्पट होते आणि आपल्या मार्गाच्या माथ्याशी जवळपास २.३ पट. ग्रीनलँड या नकाशावर आफ्रिकेएवढा वाटतो तो यामुळेच. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे.

आता ताणलेल्या रबरावर रेघ ओढल्यासारखे होते. विमानाच्या मार्गाचा मधला भाग नेमका सर्वाधिक ताणलेल्या पट्ट्यात येतो, म्हणून तो खऱ्यापेक्षा दुपटीहून मोठा आणि फुगलेला दिसतो. आफ्रिकेवरून जाणारी रेघ कमी ताणलेल्या पट्ट्यात असल्याने आटोपशीर दिसते. डोळा नकाशावरचे सेंटिमीटर मोजतो, पण एका सेंटिमीटरला किती किलोमीटर, हे प्रमाणच प्रत्येक अक्षवृत्तावर बदलत असते.

यात मर्केटर यांची चूक झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी नकाशा केला तो खलाशांसाठी, आणि भर समुद्रात खलाशाच्या हाती होकायंत्र होते. त्याला हवा होता असा नकाशा, ज्यावर सरळ रेघ ओढली की ‘ही एकच दिशा धरून चालत राहा’ एवढे कळावे. पट्टीची ती रेघ नेमके हेच सांगते. मुंबईहून पश्चिमेच्या दहा अंश उत्तरेला होकायंत्राचा रोख ठेवून अखेरपर्यंत तो बदलला नाही, तर माणूस खरोखर न्यूयॉर्कला पोहोचेल. जवळच्या रस्त्याचे वचन त्या रेघेने कधी दिलेच नव्हते. एकच दिशा धरून जाणारा मार्ग आणि सर्वांत छोटा मार्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोर्तुगीज गणिती पेद्रो नुनेस यांनी मर्केटर यांच्याही आधी, १५३७ मध्ये दाखवून दिले होते. शिडाच्या जहाजांना वाऱ्यामुळे तसाही हवा तो रस्ता मिळत नसे, त्यामुळे हा फरक त्यांना फारसा बोचला नाही. विमानाला तो बोचतो.

विमान सतत वळत असते का?

मुंबईहून बृहद्वृत्ताने निघालेल्या विमानाचा रोख उत्तरेच्या २७ अंश पश्चिमेला असतो, म्हणजे जवळपास उत्तरेलाच. साडेसात हजार किलोमीटरनंतर, आइसलँडच्या अलीकडे, तेच विमान अगदी पश्चिमेला तोंड करून असते. न्यूयॉर्कला उतरताना त्याचा रोख नैऋत्येकडे असतो. होकायंत्राच्या तबकडीवर रोख एकूण सुमारे ११९ अंशांनी फिरलेला असतो. आणि तरीही विमान ना डावीकडे वळले ना उजवीकडे!

हे उफराटे वाटते खरे. पण वाटेत बदलली ती विमानाची दिशा नव्हे, तर ‘उत्तर’ कोणत्या बाजूला आहे हे बदलले. ध्रुवाजवळून जाताना सुरुवातीला ध्रुव समोर उजव्या हाताला असतो, मग तो बरोबर उजवीकडे येतो आणि शेवटी मागे पडतो. रस्त्यावरून सरळ चालताना बाजूचा डोंगर आधी पुढे, मग बाजूला आणि नंतर मागे दिसतो, तसाच हा प्रकार. डोंगर मागे गेला म्हणून आपण वळलो, असे कोणी म्हणत नाही.

संगणक नव्हते तेव्हा हे सांभाळणे किचकट होते. मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग यांनी न्यूयॉर्क ते पॅरिस हे सुमारे ५,८०० किलोमीटरचे अंतर एकट्याने, न थांबता, साडेतेहतीस तासांत पार केले. त्यांनी आधी ग्नोमोनिक प्रकारचा नकाशा घेतला. या नकाशावर प्रत्येक बृहद्वृत्त सरळ रेघेत दिसते, मात्र कडेचे आकार भयंकर विद्रूप होतात आणि अर्धी पृथ्वीही एका कागदावर मावत नाही. त्यावरची सरळ रेघ त्यांनी मर्केटर नकाशावर उतरवली, तिचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे केले आणि साधारण तासाला एकदा ठरल्याप्रमाणे रोख थोडा बदलला. तुकडा छोटा असला की एकच दिशा धरून गेल्याने होणारा तोटा नगण्य असतो. हेच काम आता विमानातला संगणक करतो. मार्ग अक्षांश-रेखांशांनी ठरवलेल्या बिंदूंचा असतो, आणि एका बिंदूपासून पुढच्या बिंदूपर्यंत संगणक बृहद्वृत्ताचाच तुकडा धरतो.

प्रत्यक्षात विमान याच रेषेवरून जाते का?

क्वचितच. दोऱ्याचा मार्ग हा जमिनीवरचा सर्वांत छोटा मार्ग आहे. पण विमान हवेत असते आणि हवा स्थिर नसते. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरचा वेगही ओलांडतात. पश्चिमेला जाणारे विमान ते टाळण्यासाठी वाट वाकडी करते, पूर्वेला येणारे त्यांच्यावर स्वार होण्यासाठी करते. याचे ठसठशीत उदाहरण आपल्याकडचेच आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकच्या बाजूने जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेला, पॅसिफिकवरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे आधीच्या मार्गाहून १,४०० किलोमीटर लांब होता. तरी विमान साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा जवळपास दोन तास लवकर पोहोचले. पाठीशी वारा होता. कंपन्या रोजच्या हवामानावरून जो मार्ग काढतात तो किलोमीटरचा नव्हे, वेळेचा आणि इंधनाचा सर्वांत छोटा मार्ग असतो.

दुसरा अडथळा माणसांनी घातलेला आहे. मुंबई-न्यूयॉर्कच्या त्या दोऱ्याखालचे देश पुन्हा आठवावेत. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. जगाच्या राजकारणातली दुखरी ठिकाणे एका रांगेत! युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झाले, आणि त्याच मार्चमध्ये युनायटेड एअरलाइन्सने नेवार्क-मुंबई आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाणे थांबवली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले. त्याचा सर्वांत मोठा फटका दिल्लीला बसला. वायव्येला निघण्याऐवजी विमानांना आधी गुजरातकडे, अरबी समुद्रावर उतरावे लागले. उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबे घ्यावे लागले. गोलावरची एक कडा बंद झाली की लगतचा दुसरा रस्ता किती लांबचा पडतो, हे तिकिटाच्या दरातही उतरते.

तिसरी मर्यादा सुरक्षेची. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडले तरी ठरावीक वेळेत उतरता येईल, असा विमानतळ वाटेच्या आसपास लागतो. उत्तरेच्या जवळच्या रस्त्यावर असे विमानतळ तुरळक आहेत आणि तिथे उतरणे म्हणजे काय, हे जून २०२३ मध्ये दिसले. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान इथे उतरले. २१६ प्रवासी सुखरूप होते. पण लहानशा गावातल्या वसतिगृहांत आणि शाळेत त्यांची सोय करावी लागली आणि मुंबईहून दुसरे विमान पाठवून त्यांना पुढे नेण्यात आले.

कमान आणि वळसा यांतला फरक कसा ओळखावा?

मोबाइलवर विमानाची रेघ पाहताना ती गोलाईमुळे वाकडी दिसते आहे की खरोखर वळसा घातला जातो आहे, हे बऱ्याच अंशी ओळखता येते. उत्तर गोलार्धातल्या दोन शहरांमधले बृहद्वृत्त अशा नकाशावर नेहमी उत्तरेकडे फुगते, दक्षिणेकडे कधीच नाही. शिवाय ती कमान गुळगुळीत असते. त्यामुळे दिल्लीहून युरोपला निघालेले विमान आधी दक्षिणेला पोट काढत असेल, किंवा रेघेला एखाद्या देशाच्या सीमेजवळ कोपरा फुटत असेल, तर तो खराखुरा वळसा आहे, नकाशाचा खेळ नव्हे. दक्षिण गोलार्धात सगळे उलटे. सिडनी ते सँतियागो हे बृहद्वृत्त अंटार्क्टिकाकडे झुकून जवळपास ६२ अंश दक्षिणेपर्यंत जाते. नैरोबी-सिंगापूरसारख्या, विषुववृत्ताला धरून जाणाऱ्या प्रवासात किंवा थेट उत्तर-दक्षिण प्रवासात रेघ जवळपास सरळच दिसते. मुंबई-नागपूरसारख्या छोट्या अंतरात फरक असतो, पण तो डोळ्यांना दिसण्याइतका नसतो.

खात्री करायची तर मोबाइलवर गूगल अर्थ उघडावे. तिथे पृथ्वी कागदासारखी पसरलेली नसून गोलासारखी फिरवता येते. मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत अंतर मोजण्याची रेघ ओढून गोल असा फिरवावा की रेघेचा मध्य डोळ्यांसमोर येईल. हा मध्य स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधल्या बोथनियाच्या आखातात आहे. मध्य समोर आला की कमान नाहीशी होते आणि मुंबई खालच्या कडेला, न्यूयॉर्क वरच्या कडेला ठेवून त्यांच्यामध्ये ताठ, सरळ रेघ उरते. आता तिथेच मघाची, लक्सरवरून जाणारी पट्टीची रेघ काढून पाहिली तर वाकडी दिसते ती तीच.